जायकवाडीची 23 कात्रणं आणि एक पान

ताई, मी औसा तालुक्यातली, सध्या लातूरला अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करतेय. 14 महिने झाले रोज पेपरची कात्रणं काढते, विषयवार चार फायली भरल्यात आणि वर एक बिस्किटाचा खोका. पण उत्तर लिहायला बसलं की त्यातलं एकपण आठवत नाही आणि सगळं परत वाचायचं म्हटलं तर आठ दिवस जातात. रूममेट म्हणते रद्दीत घाल. जीएसच्या पेपरला उपयोगी पडतील अशा टॉपिकवाईज नोट्स यातून काढायच्या तरी कशा?

— एक वाचक, लातूर

अगं लेकरा, रूममेटचं अर्धं खरं आहे. रद्दीत जायचंच आहे ते सगळं, फक्त जायच्या आधी प्रत्येक कात्रणानं एक ओळ देऊन जायला पाहिजे. आणि ज्याच्याकडं द्यायला एक ओळपण नाही ते तर आजच जाऊ दे.

तुझी गडबड कुठं झाली माहितीये का, फायली विषयवार केल्यास. अर्थव्यवस्था, राज्यव्यवस्था, पर्यावरण, भूगोल अशाच असतील ना चार? सगळ्यांच्या तशाच असतात. आता मला सांग, जायकवाडीला वरून पाणी सोडल्याची बातमी तू कुठल्या फाइलीत लावलीस? भूगोलात गेली असेल, नाहीतर पर्यावरणात. आणि त्याच्यावरची कोर्टाची बातमी राज्यव्यवस्थेत, उसाची अर्थव्यवस्थेत. म्हणजे एकाच भांडणाचे तीन तुकडे तीन फायलींत जाऊन पडले, आणि पेपरात प्रश्न येतो तो त्या भांडणावर येतो, तुझ्या फाइलीवर येत नाही. मग आठवंल कसं.

बातमी ही घटनेची असते, प्रश्न मुद्द्याचा असतो. घटना अशी, की आज अमुक क्युसेकनं विसर्ग सुरू. मुद्दा असा, की टंचाईच्या वर्षात एका खोऱ्यातलं पाणी वरच्यांनी किती ठेवायचं आणि खालच्यांना किती द्यायचं, ते कोण ठरवतं आणि कशाच्या जोरावर. पान करायचं ते या दुसऱ्या वाक्याचं. पानाच्या डोक्यावर नुसतं "जायकवाडी" लिहू नको, ते धरणाचं नाव झालं. "टंचाईत खोऱ्यातलं पाणी कुणाला किती, नियम काय, अडतं कुठं" असं प्रश्नासारखं लांबलचक लिही. मथळा प्रश्नासारखा असला की कुठलं कात्रण आत घ्यायचं आणि कुठलं बाहेर ठेवायचं ते तो मथळाच सांगतो.

मागच्या महिन्यात माझा भाचा संभाजीनगरहून सुट्टीला आला होता तेव्हा त्याची फाइल घेऊन बसलो आम्ही दोघं, तोही तुझ्यासारखाच, कात्रणं बख्खळ आणि नोट्स शून्य. त्यातला जायकवाडीचा गठ्ठा वेगळा काढला तर 23 कात्रणं निघाली, 2023 च्या पावसाळ्यापासूनची. ते 23 चं एक पान कसं झालं तेच सांगते, बाकीच्या विषयांना तीच रीत लाव.

आधी नुसती वाटणी केली, वाचलं काहीच नाही. 13 कात्रणं होती टक्केवारीची. जायकवाडी इतके टक्के, दोन दिवसांनी तितके टक्के, दरवाजे उघडले, दरवाजे बंद केले. पाच होती पुढाऱ्यांच्या वक्तव्यांची, एक थेंबही जाऊ देणार नाही हे नाशिक-नगरकडचं आणि हक्काचं पाणी घेऊच हे आपल्याकडचं. तीन होती पाणी सोडायच्या आदेशाची आणि त्याच्यावरच्या कोर्टकज्जाची. एक मोठा लेख होता, समन्यायी पाणीवाटप म्हणजे नेमकं काय ते समजावणारा. आणि एक अग्रलेख.

भाच्यानं सवयीनं पहिलं टक्केवारीचं कात्रण उचललं आणि हायलायटर काढला. मी म्हटलं थांब बाबा, वाचायला सुरुवात त्या मोठ्या लेखापासून करायची. कामून म्हणशील तर बाकीच्या 22 बातम्या ज्या खुंटीला टांगायच्या ती खुंटी त्या लेखात आहे. प्रत्येक गठ्ठ्यात असा एखादा लेख असतोच, बहुतेक रविवारच्या पुरवणीत, आणि नसला तर तेवढ्यापुरतं पुस्तक नाहीतर सरकारी वेबसाइट उघडायची. खुंटी नसताना कात्रणांचा सारांश काढत बसलं की नुसत्या तारखांची माळ होते.

तर खुंटी अशी निघाली. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005. त्याचं कलम 12(6)(ग), टंचाईच्या काळात पाण्याचं समन्यायी वाटप. ते प्रत्यक्षात कसं करायचं याचा हिशोब मेंढेगिरी समितीनं 2013 मधे दिला. त्यातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मग सप्टेंबर 2016 मधे मुंबई उच्च न्यायालयानं हे कलम आणि हे वाटप उचलून धरलं. एवढ्या चार ओळी पानाच्या वरच्या भागात पेनानं लिहिल्या, पेनानं अशासाठी की या उद्या सकाळी बदलणार नाहीत.

त्याच्या खाली आदेशाची तीन कात्रणं मिळून एकच ओळ झाली: ऑक्टोबर 2023, साठा 65 च्या बराच खाली, नगर-नाशिकच्या धरण समूहांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळानं काढला, वरच्यांचा विरोध, कोर्टात धाव. झालं. हे उदाहरण आहे बघ, नियम कागदावर आहे आणि तो वापरायची वेळ खरंच येते याचा पुरावा. उत्तरात याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा मिळणारच नाही, मग नोट्समधे तरी चार पॅरे कशाला.

वक्तव्यांची पाचही फेकली. पण फेकायच्या आधी भाच्याला विचारलं, यातलं नाव काढून टाकलं तर मागं काय उरतं? दोन ओळी उरल्या. वरच्यांचं म्हणणं, आमची पिण्याची आणि फळबागांची गरज आधी भागू द्या, आणि नदीतून सोडलेलं पाणी वाटेतच जिरतं, खाली पोचतं कमी. खालच्यांचं म्हणणं, जायकवाडी ज्या पाण्याच्या हिशोबावर बांधलं ते पाणी वर धरणं वाढल्यामुळं येतच नाही, त्यामुळं ही काही भीक नाही, वाटा आहे. बस, "टीकात्मक परीक्षण करा" म्हटलं की याच दोन ओळी लागतात. पुढाऱ्याचं नाव उत्तरात लिहायची गरज नाही, लिहूच नको.

अग्रलेखातून फक्त एक युक्तिवाद घेतला, की वाटपाचं भांडण दर दुष्काळात होतं पण खाली आलेलं पाणी कुठल्या पिकाला जातं हे कुणी विचारत नाही, ऊस. ते भाच्यानं स्वतःच्या शब्दात लिहिलं. पहिल्यांदा त्यानं अग्रलेखातलं भारी वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, मी खोडायला लावलं. दुसऱ्याचं वाक्य परीक्षेत आठवत नाही गं, अर्धं आठवतं आणि मग तिथंच अडकून बसतो माणूस.

आणि ती 13 टक्केवारीची? त्यातली 12 सरळ रद्दीत. एक ठेवलं, कारण त्यात धरणाची क्षमता दिली होती. इथं जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि मी स्वतः केलेली आहे.

जायकवाडीचा एकूण साठा 2909 दलघमी, दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त, म्हणजे जिवंत साठा 2171. उरलेला 738 मृतसाठा. पेपरात टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे "जायकवाडी शून्य टक्के" अशी बातमी आली तरी धरण काही कोरडं नसतं, 738 दलघमी, म्हणजे 26 टीएमसी पाणी तळाला असतं. माझ्या तयारीच्या काळात मी वहीत लिहून ठेवलं होतं "65 टक्के क्षमता", नुसतंच, कशाचे ते लिहिलंच नाही. नंतर सराव उत्तरात मी एकूण साठ्याचे 65 टक्के काढून ठोकून दिले आणि तपासणाऱ्या सरांनी लाल गोल केला. आता हिशोब बघ, उपयुक्त साठ्याचे 65 टक्के म्हणजे 1411 दलघमी, जवळपास 50 टीएमसी. एकूण साठ्याचे धरले तर 1891 दलघमी, जवळपास 67 टीएमसी. फरक 17 टीएमसीचा, आणि 2023 मधे भांडण चाललं होतं ते 8.6 टीएमसीवर. म्हणजे माझी चूक भांडणाच्या दुप्पट होती! तेव्हापासून नियम केला, टक्का लिहिला की शेजारी "कशाचा" लिहायचं, नाहीतर तो टक्का वहीत घ्यायचाच नाही.

दुसरं एककांचं. एका कात्रणात टीएमसी, दुसऱ्यात दलघमी, तिसऱ्यात क्युसेक, आणि हे तिन्ही एकाच पानावर उतरवून ठेवलं की आपल्यालाच कळत नाही कोण मोठं कोण लहान. पानाच्या कोपऱ्यात एकदाच लिहून ठेव, 1 टीएमसी म्हणजे अंदाजे 28.3 दलघमी. आणि क्युसेक हा साठा नाहीये, तो वेग आहे, सेकंदाला एक घनफूट. साधारण 11,574 क्युसेकचा विसर्ग पूर्ण 24 तास चालला तर 1 टीएमसी होतं. हे माहीत असलं की "हजार क्युसेकनं पाणी सोडलं" वाचून हुरळून जायला होत नाही, त्या वेगानं एक टीएमसीला साडेअकरा दिवस लागतात. बाकी सगळे आकडे एकाच एककात आणून लिही, मी टीएमसी घेते कारण उत्तरात तो सुटसुटीत बसतो.

तिसरी चूक जास्त घातक, कारण ती हुशार पोरं करतात. पाणीतंटा म्हटलं की हात आपोआप अनुच्छेद 262 लिहितो आणि मागोमाग आंतरराज्य नदी जलविवाद कायदा 1956, लवाद वगैरे. भाच्यानंपण लिहिलं होतं, वर दोनदा अधोरेखित. अरे पण नाशिक, नगर आणि मराठवाडा एकाच राज्यात आहेत ना, हा तंटा दोन राज्यांचा कुठं आहे? 262 इथं लागूच होत नाही. म्हणूनच तर हे भांडण लवादाकडं न जाता राज्याच्या प्राधिकरणाकडं आणि उच्च न्यायालयाकडं जातं. पाणी हा राज्यसूचीतला विषय, नोंद 17, ते इथं लिही. 262 ठेव कृष्णेच्या पानासाठी. धाराशिव-बीडला कृष्णेचं पाणी आणायची जी योजना आहे, कृष्णा-मराठवाडा, तिच्या बातम्या आल्या की तिथं लवाद, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र सगळं येतं. दोन्ही बातम्यांत "मराठवाड्याचं पाणी" हेच शब्द असतात म्हणून एकाच फाइलीत पडतात, पण ही दोन वेगळी पानं आहेत. एकच पान केलंस की परीक्षेत एकाचा कायदा दुसऱ्याला लागणार हे नक्की.

आता पानाचं रूप सांगते. एफोरचा कोरा कागद, वही नको, वहीत मधे पान घुसवता येत नाही. डाव्या बाजूला दोन बोटं समास. समासात प्रत्येक ओळीपुढं जीएसचा पेपर नंबर टाकायचा. पाऊस, खोरं, धरणं हे भूगोलाचं म्हणून 1, कायदा आणि प्राधिकरण 2, सिंचन-ऊस-पीकपद्धती 3. अभ्यासक्रमाची प्रिंट शेजारी ठेवूनच हे कर, आठवणीनं करू नको. तुझ्या त्या चार फायलींचं काम हा एक बारका आकडा करतो, आणि मुद्दा मात्र एका जागी राहतो. वरच्या भागात पेनानं नियम आणि कायदा, मधे दोन्ही बाजू, त्याखाली उदाहरणं महिना-वर्षासकट, आणि एकदम खाली तीन-चार ओळी उपायांच्या. बदलणारे आकडे पेन्सिलनं. पानाची पाठ कोरी सोड, नवीन कात्रणाची ओळ तिथं येईल. पाठही भरली आणि जागा उरली नाही तर दुसरं पान जोडायचं नाही, पहिल्यातलं जुनं उदाहरण खोडायचं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते मात्र खोडू नको, टंचाई म्हणजे काय हे एका वाक्यात सांगणारं त्यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडं नाही. पण तेही एकच वाक्य हं, तू लातूरची म्हणून त्याचा पॅरेग्राफ करशील, मला माहितीये.

मग पान बरोबर जमलं की नाही ते कसं कळणार? पान उलटं ठेव, नऊ मिनिटांचा टायमर लाव आणि 150 शब्द लिही. यूपीएससीच्या मुख्यला तीन तासांत 20 प्रश्न असतात, प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं, आणि आपली राज्यसेवाही 2025 पासून लेखी उत्तरांची झालीये तर सरावाला तेच माप धर. लिहिताना तुला पानातलं जे लागलं त्यापुढं टिक कर. दोन-तीन वेगवेगळे प्रश्न लिहूनही जी ओळ कधीच लागली नाही ती बिनकामाची, तिला काढ. आणि लिहिताना जिथं "अजून एक मुद्दा पाहिजे होता" असं वाटलं, तिथलं भोक भरायला पुढची कात्रणं शोध. भाच्याचं पान पहिल्यांदा तपासलं तर त्यात उपाय एकपण नव्हता, सगळं भांडण भांडणच. बातम्यांत भांडणच असतं ना, उपायाची बातमी होत नाही सहसा. मग ठिबक, पिकाचा बदल, खालच्या भागातली भूजलाची मोजणी आणि वाटप आधीच ठरवून जाहीर करणं, या ओळी त्यानं पुस्तकातून भरल्या. कात्रणातून सगळं मिळंल या आशेवर राहू नको.

एक कात्रण दोन पानांना लागू शकतं, त्याची भीती नको. सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी घे. जायकवाडीतून मोठा विसर्ग आणि गोदाकाठाला पूर, ती ओळ "पूर, धरणातला विसर्ग आणि नुकसानभरपाई" या पानावर जाईल, आणि पाण्याच्या पानावर फक्त एवढंच, की एकाच खोऱ्यात 2023 ला टंचाई आणि 2025 ला पूर. तिसऱ्या पानाला तेच कात्रण लागतंय असं वाटलं तर समजायचं की तुझे मथळे फार ढिले झालेत.

रोज कात्रण काढलं की त्याच दिवशी नोट्स काढू नको. त्या दिवशी सगळंच महत्त्वाचं वाटतं. कात्रणावर फक्त तारीख टाकायची आणि खोक्यात सोडायचं, आठ दिवस मुरू दे, रविवारी दोन तास खोका उपडा कर. आठवड्यापूर्वी जे ब्रेकिंग होतं त्यातलं निम्मं तोवर शिळं झालेलं असतं आणि फेकायला हात धजावतो. ज्या बातमीनं तुझ्या कुठल्याच पानावर ओळ मागितली नाही आणि नवीन पान करावं इतकी मोठीही नाही, ती गेली. दोन कात्रणांत आकडे वेगळे निघाले, तर जिथं सरकारी खात्याचा दाखला दिलाय तो घे आणि तारीख लिही, तरीही पटंना तर आकडाच सोडून दे, आकड्याशिवायचं वाक्य चुकीच्या आकड्यापेक्षा परवडतं.

पूर्वपरीक्षेचं खातं यात घुसडू नको मात्र. नेमणुका, पुरस्कार, निर्देशांकातला क्रमांक, ते एका छोट्या डायरीत महिन्यावार, सलग. त्याला मुद्दाच नसतो, नुसतं पाठांतर असतं, त्याची पानं करत बसलीस तर वर्ष पुरायचं नाही.

आणि 14 महिन्यांचा साठा बघून घाबरू नको, सगळा वाचायचाच नाहीये. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घे, त्यातून 35-40 मथळे काढ, जमिनीवर 40 कागद पसर आणि फायली उघडून कात्रणं त्या-त्या कागदावर नुसती टाकत जा, मजकूर न वाचता, फक्त शीर्षक बघून. एक दुपार लागंल. जी कुठंच पडली नाहीत ती खोक्यात भरून रूममेटच्या हवाली कर, रद्दीचे पैसे तिला चहाला. मग ज्या कागदावर ढीग सगळ्यात उंच झालाय तो आधी घे, आठवड्याला तीन पानं या हिशोबानं. तुझ्याकडं तो ढीग एकतर पाण्याचा निघंल नाहीतर पीकविम्याचा. विम्याचा निघाला तर त्यातसुद्धा पहिलं काम तेच, योजनेचे नियम सांगणारं एक कात्रण शोधायचं, तक्रारीची 20 नंतर.